दोन मिलिलिटर रक्तात टायफॉईड शोधताना : जिल्ह्यातल्या डॉक्टरांना खुले पत्र

जिल्ह्यातील सर्व फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन मित्रांना,

सप्रेम नमस्कार.

रक्तातला जंतू वाढवून ओळखण्यासाठी तुम्ही पाठवलेल्या ब्लड कल्चरच्या बाटल्या रोज माझ्या प्रयोगशाळेत येतात आणि पाच दिवसांनी बहुतेकांवर मी ‘नो ग्रोथ’ लिहून परत पाठवतो. त्यापुढे फोन येतात. कुणी विचारतं, ‘मग टायफॉईड नाही ना?’ कुणी म्हणतं, ‘तुमच्या कल्चरमध्ये कधी काही येतच नाही, विडालच बरी.’ दोन्ही फोनना दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलंय, कारण तापाच्या मुलाची फाइल घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या आईवडिलांनाही यातलं बरंच काही समजायला हवं.

आधी एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नऊ वर्षांची मुलगी, वजन २४ किलो. तापाच्या तिसऱ्या दिवशी घरच्यांनी मेडिकलमधून सेफिक्सिमचं सिरप आणलं. डोस पडला किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे टायफॉईडला लागतो त्याच्या जवळपास निम्मा. चौथ्या दिवशी टायफॉईडची विडाल तपासणी झाली, ‘ओ’ १:१६० आली, टायफॉईडचं निदान झालं. सहाव्या दिवशी ताप १०३ होता म्हणून सेफिक्सिम-ऑफ्लॉक्सासिनची जोडगोळी सुरू झाली. आठव्या दिवशी मुलगी दवाखान्यात दाखल झाली, सकाळी सेफ्ट्रियाक्सोनचं पहिलं इंजेक्शन मिळालं आणि संध्याकाळी, बहुधा कुणालातरी आठवण झाल्यावर, कल्चरसाठी रक्त घेतलं गेलं. दोन मिलिलिटर. बाटली रात्रभर वॉर्डच्या फ्रिजमध्ये राहिली आणि सकाळी माझ्याकडे आली.

पाच दिवसांनी मी ‘नो ग्रोथ’ दिलं. दुसरं काय देणार होतो?

या एका बाटलीत काय काय घडलं ते सावकाश पाहू. टायफॉईडचा जंतू, साल्मोनेला टायफी, रक्तात फार विरळ असतो. व्हिएतनाममधल्या रुग्णांच्या रक्तातले जंतू मोजले गेले तेव्हा निम्म्या रुग्णांत ते मिलिलिटरला एक किंवा त्याहून कमी निघाले, आणि त्यातलेही बरेचसे पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले होते. त्याचं खरं ठाणं यकृत, प्लीहा आणि हाडांचा मगज. मगजात तो रक्ताच्या साधारण दहापट दाट असतो. म्हणूनच मगजाचं कल्चर अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही सापडण्याची शक्यता टिकवून ठेवतं. अर्थात साध्या तापाच्या मुलाच्या हाडात सुई घाला असं मी कुणालाही सांगणार नाही. ते लांबलेल्या, न उलगडणाऱ्या तापासाठी राखून ठेवावं.

आता समजा, मिलिलिटरला सरासरी अर्धा जंतू आहे, म्हणजे दोन मिलिलिटरमागे एक. तुम्ही दोन मिलिलिटर रक्त घेतलंत तर बाटलीत सरासरी एक जंतू जाईल. पण सरासरी एक म्हणजे दर वेळी एक नव्हे. कधी दोन जातील, कधी तीन, आणि १०० पैकी ३७ वेळा एकही जाणार नाही. जो जंतू बाटलीत गेलाच नाही, तो कितीही महागड्या मशिनमध्ये ठेवला तरी वाढणार नाही. तेच पाच मिलिलिटर घेतले तर बाटली रिकामी जाण्याची शक्यता ८ टक्क्यांवर येते, दहा घेतले तर एका टक्क्याच्याही खाली. जंतू आणखी विरळ असले, मिलिलिटरला एक दशांश, तर दोन मिलिलिटरच्या १०० बाटल्यांपैकी ८२ रिकाम्या जातील आणि दहा मिलिलिटरच्याही ३७.

हे झालं गणित. प्रत्यक्षात रुग्णारुग्णात फरक असतो, म्हणून सुधारणा इतकी झपाट्याची दिसत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की टायफॉईडमध्ये ब्लड कल्चरमधून जंतू साधारण १० पैकी ६ रुग्णांत सापडतो. दोन मिलिलिटरला निम्म्याच्या आसपास, दहा मिलिलिटरला ६५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळं नीट केलं तरी एक तृतीयांश रुग्ण निसटतातच. ही मर्यादा रोगाच्या स्वभावातच आहे. आमचं मशिन बदलून ती जाणार नाही.

त्या मुलीच्या बाबतीत मात्र जंतू सापडण्याची वाट आणखी तीन ठिकाणी अडवली गेली. पाच दिवसांचं तोंडी औषध आणि वर इंजेक्शनचा डोस, रक्त घ्यायच्या आधीच. आठवा दिवस, जेव्हा रक्तातले जंतू पहिल्या आठवड्यापेक्षा मुळातच कमी झालेले असतात. आणि फ्रिज. कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. खोलीच्या तापमानाला ठेवून दोन ते चार तासांत प्रयोगशाळेत पोचवायची असते. लघवीचा नमुना थंड ठेवतात म्हणून रक्ताचाही ठेवायचा, हा सिस्टरांचा गैरसमज आपणच कधी दूर केला नाही.

‘लहान मुलाचं दहा मिलिलिटर रक्त कसं काढणार?’ हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. २४ किलोच्या मुलाच्या अंगात साधारण १८०० मिलिलिटर रक्त असतं. त्यातले आठ मिलिलिटर म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. अडचण असते ती शीर सापडण्याची, रडणाऱ्या मुलाची आणि आईच्या चेहऱ्याची. ती खरी आहे, मी नाकारत नाही. म्हणून माझं मागणं माफक आहे : शाळकरी मुलात पाच ते आठ, मोठ्या माणसात आठ ते दहा. अगदी लहान बाळांसाठी पिडियाट्रिक बाटली आहेच, पण ती एक ते तीन मिलिलिटरसाठी बनवलेली असते. शाळकरी मुलाचं रक्त तिच्यात का घालता? किती रक्त आलं ते माझ्याकडून रिकामी बाटली निघताना आणि रक्त घेऊन परत पोचल्यावर वजन केलं तरी कळतं, एक मिलिलिटर रक्त साधारण एक ग्रॅम भरतं. पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येक रिपोर्टवर ‘मिळालेलं रक्त’ असा रकाना छापणार आहे. राग मानू नका.

आता ‘नो ग्रोथ’ वाचायचं कसं, ते. समजा तुमच्याकडे पाचव्या दिवसाचा ताप असलेली १०० मुलं आहेत, ज्यांच्याबद्दल तुम्हाला संशय आहे, आणि त्यातल्या ३० जणांना खरंच टायफॉईड आहे. कल्चर त्यातले १८ पकडेल, १२ निसटतील. बाकीच्या ७० जणांचा रिपोर्टही निगेटिव्हच. म्हणजे ८२ निगेटिव्हमध्ये १२ टायफॉईडचे, दर सातांत एक. तुमचा संशय आधीच दाट असेल, तर हे प्रमाण आणखी वाढेल. म्हणून निगेटिव्ह कल्चर शक्यता कमी करतं, संपवत नाही. उलट पॉझिटिव्ह कल्चर जवळपास निर्विवाद असतं. ही असमानता लक्षात ठेवली की माझ्या अर्ध्या फोनचं उत्तर मिळतं.

विडालचं काय, तर थोडक्यात : ती जंतू शोधत नाही, शरीराचा प्रतिसाद मोजते. आपल्या भागात पूर्वी होऊन गेलेला संसर्ग किंवा दुसराच एखादा ताप यानंही ‘ओ’ १:१६० येऊ शकतं, आणि चौथ्या दिवशी खऱ्या टायफॉईडमध्ये ती निगेटिव्हही असू शकते. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन नमुने तपासून चौपट वाढ पाहायची, हा तिचा योग्य वापर. तो आपल्याकडे कुणी करत नाही, कारण तोवर ताप एकतर उतरलेला असतो किंवा रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेला असतो. पण विडालचा मोठा दोष माझ्या दृष्टीनं वेगळाच आहे. ती बरोबर आली तरी कोणतं औषध चालेल हे सांगू शकत नाही. तेवढं फक्त वाढलेला जंतूच सांगतो.

आणि हेच आता कळीचं झालं आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि मुदतीच्या तापाची मुदत मोडली. १९७२ मध्ये केरळात कोझिकोडला त्याला दाद न देणाऱ्या टायफॉईडची साथ आली. १९९० च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही तिन्ही एकदम निकामी करणारे जंतू देशभर पसरले आणि आपण सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळलो. तेही गेलं. आज भारतातले ९० टक्क्यांहून अधिक टायफीचे जंतू सिप्रोला पूर्ण दाद देत नाहीत. मग उरलं सेफ्ट्रियाक्सोन-सेफिक्सिम आणि अझिथ्रोमायसिन. २०१६ च्या शेवटी पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रियाक्सोनही निकामी झालं. टायफीनं आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंकडून एक प्लास्मिड, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात असा जनुकांचा तुकडा, उचललं होतं आणि त्यावर सीटीएक्स-एम-१५ या एन्झाइमचं जनुक होतं. दोन वर्षांत हजारो रुग्ण झाले आणि हातात राहिलं अझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं.

ते पाकिस्तानात, असं म्हणून सोडून देऊ नका. मुंबईतल्या रुग्णांमधूनही सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारे टायफीचे जंतू सापडले असून त्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली आहे. प्लास्मिड वेगळं, एन्झाइम वेगळं (एसएचव्ही-१२), पण परिणाम तोच. अझिथ्रोमायसिनचंही बांगलादेशातून दिसलं आहे : जंतूच्या पंपाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला की औषध बाहेर फेकलं जातं. इथे प्लास्मिडचीही गरज लागत नाही.

म्हणजे एकीकडे औषधं कमी होत चालली आहेत आणि दुसरीकडे कोणतं औषध चालेल हे ज्या एका तपासणीतून कळू शकतं, तिला आपण दोन मिलिलिटर, आठवा दिवस आणि फ्रिज देतो आहोत.

यातला एक गुंता मात्र आम्हा प्रयोगशाळावाल्यांनाही लवकर दिसत नाही. समजा टायफॉईडचे १०० रुग्ण आहेत आणि त्यातल्या पाच जणांचे जंतू सेफ्ट्रियाक्सोनला दाद देत नाहीत. सगळ्यांनी तीन दिवस सेफिक्सिम घेऊन मग कल्चर दिलं. दाद देणाऱ्या ९५ जणांचे जंतू औषधानं दबलेले, म्हणून त्यातले समजा ३० टक्केच वाढले : २८. ज्या पाचांवर औषधाचा परिणामच नाही, त्यांचे नेहमीसारखे ६० टक्के वाढले : ३. माझ्या वार्षिक तक्त्यात दिसणार ३१ पैकी ३, म्हणजे जवळपास १० टक्के. खरं प्रमाण होतं ५. औषध घेऊन मग केलेलं कल्चर हे गाळणीसारखं वागतं, साधे जंतू गाळून टाकतं आणि हट्टी तेवढे वर ठेवतं. मग तो तक्ता डॉक्टरांच्या कुठल्यातरी सीएमई व्याख्यानात पडद्यावर येतो, औषध कंपनीचा एमआर त्याची झेरॉक्स घेऊन फिरतो आणि पुढच्या आठवड्यापासून तापाच्या पोरांना मेरोपेनेम सुरू होतं. रोग आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि प्रतिकार आहे त्यापेक्षा जास्त, दोन्ही एकाच चुकीतून. म्हणून फॉर्मवर ‘आधी घेतलेलं अँटिबायोटिक, किती दिवस’ हा रकाना भराच. तो भरलेला असेल तर मी दोन वेगळे तक्ते करू शकतो. रिकामा असेल तर माझा आकडा मलाही खरा वाटत नाही.

मोजणीचा हा प्रश्न फक्त आपल्या तालुक्यापुरता नाही. २०१७ ते २०२० दरम्यान देशात चार ठिकाणी मुलांमधल्या टायफॉईडची मोठी पाहणी झाली. कल्चर किती रुग्ण सोडतं हे हिशोबात धरल्यावर दर लाख मुलांमागे वर्षाला वेल्लोरला ११७३, कोलकात्याला ७१४, दिल्लीला ५७६, आणि ग्रामीण पुण्यात फक्त ३५ असे आकडे आले. ग्रामीण महाराष्ट्रात टायफॉईड सगळीकडे इतकाच कमी असेल असं मी म्हणत नाही, पाणी आणि वस्ती गावागणिक बदलते. पण ‘विडाल पॉझिटिव्ह’च्या जोरावर आपल्याकडे जेवढ्यांना टायफॉईड म्हणून औषधं जातात, त्यातले कितीतरी टायफॉईडचे नसणार हे त्या ३५ वरून दिसतं. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, मलेरिया असतो, कोकणात लेप्टो, आणि स्क्रब टायफसही. शेवटच्या दोघांबद्दल एक गंमत सांगतो. अझिथ्रोमायसिन स्क्रब टायफसवरही चालतं आणि सेफ्ट्रियाक्सोन लेप्टोवर. त्यामुळे ‘औषधानं ताप उतरला, म्हणजे टायफॉईडच होता’ हा आपला आवडता पुरावा तितकासा पुरावा नाही. अंगावर काखेत, जांघेत स्क्रब टायफसची काळी खपली शोधायला एक मिनिट लागतो.

परत त्या मुलीकडे. सेफ्ट्रियाक्सोन दिवसाला दोन ग्रॅम चालू होतं. चौथ्या दिवशी फोन आला : ‘ताप अजून १०२ आहे, कल्चरही अजून निगेटिव्हच आहे, रेझिस्टंट दिसतोय, मेरोपेनेम चढवू?’ मी फक्त तापाचा तक्ता वाचून दाखवायला सांगितलं. रोजचा सर्वांत चढा आकडा १०४, १०३.४, १०२.८, १०२. मुलगी खायला मागत होती, पोट मऊ होतं. हे अपयश नव्हे. टायफॉईडमध्ये योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप जायला चार ते सात दिवस लागतात, सेफ्ट्रियाक्सोननं तर सहा-सातच, कारण जंतू पेशींच्या आत बसलेला असतो आणि ते औषध तिथं फारसं पोचत नाही. उतरता तक्ता, परतलेली भूक आणि स्वच्छ शुद्ध असेल तर थांबायचं. पोट फुगलं, शौचातून रक्त गेलं, मूल गुंगीत गेलं, नाडी-रक्तदाब बिघडला, तर मात्र थांबायचं नाही. आणि पाच ते सात दिवस होऊनही तक्ता सपाटच असेल, तर आधी नव्यानं कल्चर, भरपूर रक्त घेऊन, पुढच्या डोसच्या अगदी आधी. मग औषध बदलायचं.

मेरोपेनेम चढवलं नाही. सहाव्या दिवशी ताप गेला. तिला टायफॉईड होता का? बहुधा होता. तिच्या जंतूवर कोणती औषधं चालत होती, तो मुंबईतल्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी होता की साधा, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. तिसऱ्या दिवशी सिरप उघडायच्या आधी आठ मिलिलिटर रक्त मिळालं असतं तर कदाचित कळलं असतं. आणि कदाचित को-ट्रायमोक्साझोलवर काम झालं असतं. हो, तेच जुनं. गेली काही वर्षं भारतातले बहुतेक टायफीचे जंतू को-ट्रायमोक्साझोल, अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला पुन्हा दाद देऊ लागले आहेत. मात्र ही औषधं अंदाजानं द्यायची नाहीत. ज्या रुग्णाचा जंतू हातात आहे आणि रिपोर्टमध्ये दाद दिसते आहे, त्यालाच.

रिपोर्ट वाचतानाही थोडं थांबा. जेंटामायसिन आणि अमिकासिन टायफीच्या प्लेटवर छान वर्तुळ दाखवतात आणि रुग्णात उपयोगी पडत नाहीत, कारण ती पेशीच्या आत शिरत नाहीत. काही प्रयोगशाळा त्यांच्यापुढे अजूनही ‘एस’, म्हणजे औषध चालेल असं, छापतात. तसं दिसलं तर त्या प्रयोगशाळेच्या बाकीच्या रिपोर्टबद्दलही दोन प्रश्न विचारा. सिप्रोची मर्यादा २०१२ मध्ये बदलली. साल्मोनेलासाठी आता एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण, ०.०६ किंवा त्याहून कमी असेल तरच ‘एस’. जुन्या तक्त्यावर चालणारी प्रयोगशाळा निकामी सिप्रोला चांगलं म्हणेल. अझिथ्रोमायसिनच्या वर्तुळाची कड धूसर असते, दोन माणसं दोन आकडे वाचतात. १३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर एमआयसी करून मागा.

माझ्याकडून तुम्हाला काय मिळेल ते लिहून देतो. बाटलीत वाढ दिसली की पूर्ण रिपोर्टची वाट न बघता ग्रॅम स्टेनवर काय दिसलं ते त्याच दिवशी फोनवर सांगेन, बहुतेक वेळा हे ४८ तासांच्या आत होतं. सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारा टायफी सापडला तर तो संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवीन. आणि ‘नो ग्रोथ’खाली यापुढे एक ओळ असेल : रक्त किती मिळालं, तापाचा कितवा दिवस, आधी औषध होतं का.

तुमच्याकडून हवं ते एवढंच. ताप तीन-चार दिवसांचा झाला, कारण सापडत नाही आणि अँटिबायोटिक लिहायचा विचार आहे, अशा वेळी लिहिण्याआधी कल्चर. कातडी क्लोरहेक्झिडीन-अल्कोहोलनं पुसून अर्धा मिनिट वाळू द्या, बाटलीचं रबर अल्कोहोलनं पुसा, रक्त आधी कल्चरच्या बाटलीत घाला आणि मग सीबीसीच्या नळीत. रविवारी आणि रात्री बाटली घ्यायला आमचा मुलगा गाडी घेऊन येतो. तो येईपर्यंत ती टेबलावरच राहू द्या.

आपला,
जिल्ह्यातला एक मायक्रोबायोलॉजिस्ट